दारात अडलेला टीव्ही

हॉस्टेलच्या खोलीत स्वतःचा टीव्ही लावला, किंवा हॉटेलातल्या टीव्हीला घरून आणलेली स्ट्रीमिंग स्टिक जोडली, की पुष्कळांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. वाय-फायचं नाव दिसतं, निवडलं की पासवर्डही न मागता ‘कनेक्टेड’ असं झळकतं आणि लगेच खाली ओळ येते की इंटरनेट नाही. त्याच खोलीत, त्याच नेटवर्कवर फोन मात्र झकास चालू असतो. फरक एवढाच, की फोन जोडताना एक पान उघडलं होतं. त्यात मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, तो भरला आणि इंटरनेट सुरू झालं. टीव्हीवर ते पान उघडतच नाही.

मग टीव्ही बंद-चालू केला जातो, रिसेट केला जातो, रिसेप्शनवर ‘तुमचं वाय-फाय चालत नाही’ अशी तक्रार जाते. पण बिघाड टीव्हीत नसतो आणि वाय-फायमध्येही नसतो. त्या पानामागे काय घडतं हे एकदा समजलं, तर आपल्या खोलीत कोणता उपाय लागू पडेल ते बहुतेक वेळा स्वतःलाच ठरवता येतं.

पान येतं कुठून?

या पानाला तंत्रज्ञ ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणतात. आपण नुसतं पोर्टल म्हणू. एखादं उपकरण अशा वाय-फायला जोडलं गेलं की नेटवर्क त्याला लगेच एक आयपी पत्ता देतं. म्हणजे जोडणी पूर्ण झालेली असते, आणि टीव्ही ‘कनेक्टेड’ म्हणतो ते खरंच असतं. पण नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये गेटवे नावाचं एक यंत्र बसलेलं असतं. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखी त्याच्याकडे एक यादी असते. यादीत असलेल्या उपकरणाला तो जाऊ देतो. यादीत नसलेल्या उपकरणानं कोणतंही साधं संकेतस्थळ मागितलं, तर ते न देता तो पोर्टलचं पान पुढे करतो.

आता यादीत नेमकं काय लिहिलेलं असतं ते पाहू. तुमचं नाव किंवा मोबाइल नंबर नोंदीसाठी वेगळा ठेवला जातो. पण दर क्षणी जाऊ द्यायचं की अडवायचं हे ठरवताना बहुतेक गेटवे पाहतात तो उपकरणाचा मॅक पत्ता. प्रत्येक वाय-फाय चिपला कारखान्यातून मिळालेला हा १२ अक्षरी क्रमांक असतो. तुम्ही ओटीपी भरलात की गेटवे लिहून ठेवतो : अमुक मॅक पत्ता, अमुक वेळेपर्यंत मोकळा. म्हणून फोनवर लॉगिन केल्यानं टीव्ही सुरू होत नाही. माणूस एकच असला तरी फोनचा पत्ता वेगळा आणि टीव्हीचा वेगळा.

फोनला पान दाखवायचं कसं सुचतं, हेही पाहण्यासारखं आहे. वाय-फायला जोडल्याबरोबर अँड्रॉइड फोन गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर विचारणा करतो. तिथून २०४ हा संकेत आणि कोरं उत्तर येणं अपेक्षित असतं. आयफोन captive.apple.com या पत्त्यावर विचारतो आणि ‘Success’ एवढंच उत्तर अपेक्षितो. अपेक्षित उत्तराऐवजी भलतंच पान आलं, की मध्ये पोर्टल आहे हे फोन ओळखतो आणि ते पान छोट्या खिडकीत उघडून समोर ठेवतो. टीव्हीसुद्धा अशी चाचणी करतो. पण भलतं उत्तर आलं, तर बरेच टीव्ही ‘इंटरनेट नाही’ एवढाच निष्कर्ष काढून थांबतात. ती छोटी खिडकी उघडण्याची सोय त्यांच्यात दिलेलीच नसते.

हे पान आणि तो ओटीपी भारतात इतका सार्वत्रिक का, याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वाय-फायपर्यंत पोचला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवावी; त्यासाठी ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा लॉगिनचा तपशील एसएमएसनं त्याच्या मोबाइलवर पाठवावा, असा त्यांचा रोख होता. ओटीपीचं पान हे त्या व्यवस्थेचं रोजचं रूप.

थोडक्यात, प्रश्न टीव्हीला पान दाखवण्याचा नाहीच. टीव्हीचा पत्ता यादीत घालून घ्यायचा, नाही तर यादीत आधीच असलेल्या उपकरणाच्या आडून टीव्हीला बाहेर न्यायचं. पुढचे सगळे उपाय या दोनांपैकी एका प्रकारात मोडतात.

आधी खात्री करा

उपाय करण्याआधी अडचण पोर्टलचीच आहे ना, हे दोन मिनिटांत कळतं. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन सध्याच्या जोडणीची स्थिती उघडा. तिथे आयपी पत्ता दिसतो. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. सिग्नल कमजोर असेल किंवा नेटवर्कवर गर्दी असेल. पोर्टलचा इथे संबंध नाही. पत्ता 10, 172 किंवा 192.168 असा सुरू होत असेल आणि गेटवेचा पत्ताही भरलेला दिसत असेल, तरीही इंटरनेट नाही असं येत असेल, तर टीव्ही बहुधा दारातच अडला आहे. फोनचं वाय-फाय त्या नेटवर्कपुरतं ‘विसरायला’ लावून पुन्हा जोडून पाहा. लॉगिनचं पान आलं तर शंका उरत नाही. मात्र काही वेळा लॉगिनची मुदत बाकी असल्यानं पान न येताही फोन चालू होतो.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. काही कॉलेजांत वाय-फाय जोडतानाच, पान न उघडता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड दोन्ही विचारले जातात. हे पोर्टल नव्हे. ही वेगळ्या प्रकारची सुरक्षा आहे आणि घरगुती टीव्हींमध्ये सहसा तिची सोयच नसते. तिथे टीव्हीचा पत्ता यादीत घालण्याचा मार्ग बहुधा बंद असतो, पण लॅपटॉपच्या आडून जाण्याचा मार्ग तिथेही चालू शकतो.

टीव्हीच पान उघडू शकेल का?

काही उपकरणांवर हा प्रश्न मुळातच सुटलेला असतो. फायर टीव्ही स्टिक पोर्टल ओळखून ते पान स्वतःच उघडते. रिमोटनं नंबर आणि ओटीपी भरायचा, एवढंच. ॲपल टीव्हीत ही सोय २०२२मध्ये १५.४ या आवृत्तीपासून आली. तिथे पान जवळच्या आयफोनवर किंवा आयपॅडवर उघडतं आणि लॉगिन मात्र ॲपल टीव्हीच्या नावे होतं. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या खोल्यांत रोकू हे उपकरण बऱ्याचदा दिसतं. त्यात हॉटेल आणि विद्यार्थी-वसतिगृहासाठी वेगळा पर्यायच आहे. रोकू काही वेळापुरतं स्वतःचं छोटं वाय-फाय सुरू करतं, फोन त्याला जोडायचा, आणि पोर्टलचं पान रोकूमार्फत फोनवर उमटतं. पान दिसतं फोनवर, पण गेटवेला पत्ता दिसतो रोकूचा. याउलट रिमोट नसलेले जुने क्रोमकास्ट अशा नेटवर्कवर लॉगिन करूच शकत नाहीत.

सॅमसंग आणि एलजीच्या स्मार्ट टीव्हींमध्ये ब्राउझर असतो. वाय-फाय जोडून तो उघडा आणि पत्त्याच्या जागी हे टाइप करा :

```
http://neverssl.com
```

हेच संकेतस्थळ का? कारण आजकाल जवळजवळ सगळी संकेतस्थळं https वापरतात. त्यांच्या आणि ब्राउझरच्या मधल्या संभाषणात गेटवेला हात घालता येत नाही. घातलाच तर पोर्टलऐवजी सुरक्षेचा इशारा येतो किंवा पान नुसतं फिरत राहतं. neverssl.com हे मुद्दाम साध्या http वर ठेवलेलं आहे, त्यामुळे गेटवे ते अडवून आपलं पान पुढे करू शकतो. तेही जमलं नाही तर मघाशी पाहिलेला गेटवेचा आयपी पत्ता टाइप करून बघा. यात दोन अडचणी संभवतात. एक, काही टीव्ही इंटरनेट नाही म्हणून ब्राउझरच उघडू देत नाहीत. दुसरी, टीव्हीचा ब्राउझर जुना असेल तर पान अर्धवट उमटतं आणि ‘लॉगिन’चं बटण दाबलं जात नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून द्यावं. पुढचे मार्ग जास्त भरवशाचे आहेत.

नाव नोंदवून घेणं

सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्याला टीव्हीचा मॅक पत्ता देऊन तो यादीत घालायला सांगणं. मोठ्या हॉटेलांत वाय-फायचं काम बाहेरच्या कंपनीकडे असतं आणि मदतीचा नंबर खोलीतल्या कार्डावर छापलेला असतो. रिसेप्शनवरच्या माणसाला मॅक पत्ता म्हणजे काय ते ठाऊक नसेलही. ‘वाय-फायच्या हेल्पडेस्कशी बोलणं करून द्या’ असं म्हणावं. परदेशातल्या अनेक विद्यापीठांत गेमिंग कन्सोल आणि टीव्हीची नोंदणी करायचं वेगळं पानच असतं. ते लॅपटॉपवर उघडून पत्ता भरायचा. आपल्याकडच्या कॉलेजात हे काम संगणक विभागाकडे किंवा नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे असतं.

पत्ता टीव्हीच्याच सेटिंगमध्ये सापडतो. बहुतेक टीव्हींत `About this TV` या भागात किंवा नेटवर्कच्या स्थितीत तो असतो. फायर टीव्हीत `My Fire TV` मध्ये `About` आणि त्यात `Network` इथे पाहायचं. तो असा दिसतो :

```
A0:4B:8C:1D:E2:07
```

फोनवर हा पत्ता सांगताना हमखास गोंधळ होतो. यात ० ते ९ हे आकडे आणि A ते F ही अक्षरं एवढंच येतं. त्यामुळे गोल चिन्ह दिसलं की ते शून्यच, ओ नव्हे. ‘बी’ आणि ‘डी’ कानाला सारखे वाटतात आणि ‘बी’ डोळ्याला आठासारखा दिसतो. म्हणून फोटो काढून पाठवणं उत्तम. दुसरा गोंधळ जास्त फसवा आहे : टीव्हीत वायरलेस आणि केबल असे दोन मॅक पत्ते असतात. वाय-फाय वापरायचं असताना केबलचा पत्ता नोंदवला, तर सगळं बिनचूक करूनही टीव्ही अडलेलाच राहतो. टीव्हीच्या वाय-फाय सेटिंगमध्ये दर नेटवर्कला वेगळा पत्ता वापरण्याचा पर्याय असेल, तर तो बंद करून उपकरणाचा मूळ पत्ता निवडावा आणि मग तोच कळवावा.

नोंद झाल्यावर टीव्हीचं वाय-फाय एकदा तोडून पुन्हा जोडा. नोंदीची मुदत विचारून घ्या. हॉटेलात ती चेक-आउटपर्यंत मिळू शकते. नाही तर रोज त्याच वेळी टीव्ही बंद पडेल आणि कारण कळणार नाही.

लॅपटॉपच्या आडून

नोंद होत नसेल तर दुसरा मार्ग. पुण्यातल्या एखाद्या खासगी हॉस्टेलचं उदाहरण घेऊ. खोलीत दोघी मैत्रिणी, ३२ इंची टीव्ही, आणि दर मोबाइल नंबरावर दोनच उपकरणं जोडायची मुभा. एकीचा फोन आणि लॅपटॉप मिळून तिचा वाटा संपतो. टीव्ही हे तिसरं उपकरण. त्याची नोंद हॉस्टेलवाले करत नाहीत. लॅपटॉप विंडोजचा आहे, म्हणजे काम होऊ शकतं. आधी एक गोष्ट वॉर्डनला किंवा नेटवर्कवाल्याला विचारून घ्यायची : आपलं कनेक्शन दुसऱ्या उपकरणाला देण्याला हरकत आहे का? जिथे दर उपकरणामागे पैसे घेतले जातात, तिथे हा नियमभंग धरला जाऊ शकतो.

परवानगी आहे असं धरून चालू. लॅपटॉप हॉस्टेलच्या वाय-फायला जोडायचा, ब्राउझरमध्ये पोर्टल उघडून ओटीपी भरायचा आणि एखादं संकेतस्थळ उघडतंय ना ते बघायचं. लॅपटॉपवर व्हीपीएन असेल तर तो बंद ठेवायचा. मग `Settings`, त्यात `Network & internet`, त्यात `Mobile hotspot`. इथे दोन प्रश्न असतात : इंटरनेट कुठून घ्यायचं आणि कशातून वाटायचं. दोन्हींचं उत्तर `Wi-Fi`. बहुतेक आधुनिक लॅपटॉपचं एकच वाय-फाय कार्ड दोन्ही कामं करू शकतं. हॉटस्पॉटला स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्यायचा आणि बटण सुरू करायचं. टीव्हीवर आता हॉस्टेलचं नेटवर्क विसरायचं आणि लॅपटॉपचं नाव निवडून पासवर्ड भरायचा.

जमलं की नाही हे टीव्हीच्या नेटवर्क स्थितीत लगेच दिसतं. आयपी पत्ता 192.168.137 ने सुरू होतो आणि गेटवेच्या जागी 192.168.137.1 येतो. हा आकडा विंडोजच्या हॉटस्पॉटची खूण आहे. टीव्हीच्या लेखी आता गेटवे म्हणजे लॅपटॉप. टीव्हीकडून आलेली प्रत्येक मागणी लॅपटॉप स्वतःच्या पत्त्यानं पुढे पाठवतो, उत्तर आलं की ते टीव्हीकडे वळवतो. हॉस्टेलच्या गेटवेला टीव्हीचा मॅक पत्ता दिसतच नाही. दिसतो तो यादीत असलेला लॅपटॉप.

आता बिघडू शकतं ते कुठे. टीव्हीला लॅपटॉपचं नाव दिसत नसेल, तर बहुधा टीव्हीला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो आणि हॉटस्पॉट ५ वर सुरू झालेला असतो. हॉटस्पॉटच्या गुणधर्मांत `Network band` मध्ये `2.4 GHz` निवडायचं. चित्रपट अर्ध्यावर थांबला आणि लॅपटॉपचा पडदा काळा असेल, तर लॅपटॉप झोपी गेला आहे. चार्जर लावून झोपेची वेळ ‘कधीच नाही’ करायची आणि झाकण उघडं ठेवायचं. हॉटस्पॉटच्याच पानावर `Power saving` असेल तर तेही बंद करावं, नाही तर टीव्ही थोडा वेळ बंद ठेवला की हॉटस्पॉटही मिटतो. चित्र वारंवार अडखळत असेल, तर त्याला एक रचनेतलं कारण आहे : एकच वाय-फाय कार्ड एका हातानं घेतं आणि दुसऱ्या हातानं देतं, त्यामुळे वेग अर्ध्यावर येऊ शकतो. नेटफ्लिक्स ७२० पिक्सेलच्या चित्राला ३ आणि १०८०ला ५ मेगाबिट प्रतिसेकंद वेग सुचवतं. हॉस्टेलनं दर उपकरणाला वेगाची मर्यादा घातली असेल, तर लॅपटॉप आणि टीव्ही मिळून तेवढ्यातच भागवतात. अशा वेळी टीव्हीवर चित्राचा दर्जा हातानं कमी केला की अडखळणं थांबतं.

आणि मुदत संपली की लॅपटॉपवर पुन्हा पोर्टल येतं. टीव्हीवर मात्र फक्त ‘इंटरनेट नाही’ दिसतं. म्हणून टीव्ही बंद पडला की आधी लॅपटॉपचा ब्राउझर बघायचा. काही हॉस्टेलांच्या फायरवॉलला लॉगिनचा टॅब सतत उघडा लागतो. तो बंद केला की थोड्या वेळात नेट जातं. तो टॅब तसाच मागे ठेवायचा.

विंडोज नसलेल्यांसाठी चित्र थोडं वेगळं आहे. मॅकबुक वाय-फायनं घेतलेलं इंटरनेट वाय-फायनंच वाटू शकत नाही. त्याला भिंतीतल्या केबलमधून इंटरनेट मिळालं तर ते वाटता येतं. काही अँड्रॉइड फोनांत, विशेषतः सॅमसंगमध्ये, वाय-फाय चालू ठेवून तेच हॉटस्पॉटमधून देण्याचा पर्याय असतो. आयफोनचा हॉटस्पॉट फक्त मोबाइल डेटा देतो. वाय-फायचं इंटरनेट तो पुढे देत नाही.

छोटा राउटर सोबत ठेवायचा असेल तर

वारंवार प्रवास करणाऱ्यांना आणि वर्षभर हॉस्टेलात राहणाऱ्यांना लॅपटॉप अडकवून ठेवणं परवडत नाही. त्यांच्यासाठी मुठीत मावणारा ट्रॅव्हल राउटर असतो. तो हॉटेलच्या वाय-फायला ग्राहक म्हणून जोडला जातो आणि आतल्या बाजूला स्वतःचं वाय-फाय देतो. तत्त्व लॅपटॉपचंच. एकदा टीव्हीत राउटरचा पासवर्ड भरला की पुढच्या प्रत्येक गावी टीव्हीला किंवा स्टिकला हातही लावावा लागत नाही. फक्त राउटरला नवं नेटवर्क दाखवायचं.

लॉगिनची रीत अशी : राउटरच्या सेटिंगमध्ये हॉटेलचं नेटवर्क निवडायचं, मग फोन हॉटेलच्या नव्हे तर राउटरच्या वाय-फायला जोडायचा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये neverssl.com उघडायचं. पोर्टल फोनवर दिसतं, पण यादीत नोंद होते राउटरच्या मॅक पत्त्याची, आणि त्यामागची सगळी उपकरणं एकदम मोकळी होतात.

पान उघडलंच नाही तर कारण बहुधा दोनांपैकी एक. राउटरमध्ये किंवा फोनमध्ये वेगळा डीएनएस लावलेला असतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. पोर्टलच्या पानाचं नाव बऱ्याचदा फक्त हॉटेलच्या स्वतःच्या डीएनएसला ठाऊक असतं. बाहेरच्या डीएनएसला विचारलं तर असं काही नाहीच असं उत्तर येतं. शिवाय काही राउटर, संशयास्पद म्हणून, खासगी आयपी पत्त्याची उत्तरं गाळून टाकतात. ते `DNS Rebinding Protection` या नावानं सेटिंगमध्ये दिसतं. लॉगिनपुरतं हे सगळं आणि फोनमधलं `Private DNS` बंद करायचं, मग पुन्हा सुरू करायचं. दुसरं कारण म्हणजे पत्त्यांची टक्कर. हॉटेलचं नेटवर्क 192.168.8 ने सुरू होणारे पत्ते देतं आणि राउटरही आतल्या बाजूला तेच देतो. मग आत कोण आणि बाहेर कोण हे राउटरला ठरवता येत नाही. आतला पत्ता 192.168.50.1 असा बदलला की टक्कर टळते.

हॉस्टेलांत खासगी राउटरवर बऱ्याचदा बंदी असते, आणि त्याला सबळ कारण आहे. भिंतीतली केबल राउटरच्या `WAN` या खोबणीत लावायची असते. कोणी ती चुकून `LAN` मध्ये लावली, तर राउटर त्या तारेवरच्या सगळ्यांना आयपी पत्ते वाटू लागतो. शेजारच्या खोल्यांतले लॅपटॉप हॉस्टेलच्या गेटवेऐवजी याच्या नादी लागतात आणि आख्ख्या मजल्याचं नेट जातं. नेटवर्कवाल्याला तो राउटर शोधायला खोल्या धुंडाळाव्या लागतात. म्हणून राउटर लावायचा तर विचारून, आणि शक्यतो केबल न जोडता वाय-फायवरूनच.

जोडलं तरी चालेना

लॉगिन झालं, टीव्ही नेटवर्कवर आला, तरी दोन तक्रारी उरतात. पहिली : यूट्यूब किंवा दुसरं ॲप उघडताना सुरक्षित जोडणी होत नाही असा संदेश येतो. टीव्हीचं घड्याळ तपासा. बरेच टीव्ही वेळ इंटरनेटवरून घेतात. फार दिवस इंटरनेट मिळालं नसेल तर तारीख भलतीच असते. प्रत्येक https जोडणीत संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जाते, त्यामुळे तारीख चुकीची असली की खरं प्रमाणपत्रही बाद ठरतं. तारीख-वेळ हातानं भरली की काम होतं.

दुसरी : फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर आहेत, पण फोनमधून कास्ट करायला टीव्ही दिसत नाही. हॉटेलं मुद्दाम पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून लपवतात, म्हणजे शेजारच्या खोलीतला माणूस तुमच्या पडद्यावर काही पाठवू शकत नाही. यावर फोनच्या बाजूनं उपाय नाही. टीव्हीतलंच ॲप वापरायचं, किंवा फोन आणि टीव्ही दोघांनाही राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या आतल्या वाय-फायवर आणायचं. तिथे ती आडकाठी नसते.

एका रात्रीपुरता मुक्काम असेल तर एवढी उठाठेव करायची गरज नाही. लॅपटॉपमधून टीव्हीला एचडीएमआय केबल लावली की टीव्ही नुसता पडदा होतो, आणि पडद्याला इंटरनेट लागत नाही. हॉटेलच्या टीव्हीचं इनपुट बदलायचं बटण कुलूपबंद असेल तर रिसेप्शनला सांगून उघडून घ्यावं. मोबाइल डेटाचा हॉटस्पॉटही चालतो, पण नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर एक चित्रपटही पुरा होणार नाही.

शेवटी एक जबाबदारी. टीव्ही तुमच्या लॅपटॉपच्या किंवा राउटरच्या आडून बाहेर जातो, तेव्हा त्याचा सगळा वापर नेटवर्कच्या नोंदवहीत तुमच्या मोबाइल नंबरापुढे जमा होतो. तसाच तुमच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या प्रत्येकाचा. म्हणून हॉटस्पॉटचा पासवर्ड १२३४५६७८ असा ठेवू नये, मजल्यावर वाटू नये, आणि सुट्टीला घरी जाताना राउटरचा प्लग काढून मगच खोलीला कुलूप लावावं.